सपोर्ट तुटल्यावर घाबरायचं कधी आणि थांबायचं कधी: लांब रेंजमधली माल गोळा होण्याची अवस्था कशी ओळखावी

पाच वर्षांपूर्वी माझा स्टॉप लॉस एका गुरुवारी दुपारी २०४ रुपयांना लागला आणि माझे शेअर आपोआप विकले गेले. शेअर त्या दिवशी २०१ पर्यंत खाली गेला, दुसऱ्या दिवशी २१३ ला बंद झाला आणि पुढच्या सहा महिन्यांत त्याने ३३० पाहिले. फोर्टहून डोंबिवलीची लोकल पकडताना मी मोबाइलवर तो चार्ट पुन्हा पुन्हा पाहत होतो, आणि नेमकं माझाच माल कोणी काढून घेतला हे मला कळत नव्हतं.

आमच्या इमारतीतले एक काका मुंबई शेअर बाजाराच्या रिंगणात जॉबर होते. १९९५ मध्ये संगणकावरचे व्यवहार सुरू होईपर्यंत दलाल स्ट्रीटवर ओरडून भाव सांगणाऱ्यांपैकी ते एक. मी त्यांना चार्ट दाखवला तेव्हा त्यांनी भाव पाहिलाच नाही. बोट थेट खालच्या व्हॉल्यूमच्या रेघांवर ठेवलं आणि म्हणाले, "तू भाव कुठे गेला ते बघतोयस. तिथे माल किती निघाला ते बघ."

हा लेख त्या एका वाक्याचा विस्तार आहे. ज्यांना चार्ट उघडता येतो, सपोर्ट आणि रेझिस्टन्स म्हणजे काय हे माहीत आहे, पण भाव ज्या दोन पातळ्यांमध्ये अडकलेला असतो ती रेंज तुटली की गोंधळ उडतो, त्यांच्यासाठी. मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. म्हणून उदाहरणातल्या कंपनीचं नाव सांगणार नाही आणि भाव-व्हॉल्यूमचे आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

१. आधी हे जवळ ठेवा

- डिमॅट आणि ट्रेडिंग खातं. ते उघडायला पॅन, आधार आणि बँकेचा पुरावा पुरतो. इथे फ्युचर-ऑप्शनची गरज नाही.
- किमान दोन वर्षांचा दैनिक चार्ट, खाली व्हॉल्यूम आणि त्याची २० दिवसांची सरासरी. जिथे व्यवहार जास्त होतात त्याच एक्स्चेंजचा चार्ट घ्या. बहुतेक शेअर्ससाठी ते एनएसई आहे.
- एनएसईवर रोज संध्याकाळी मिळणारी डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे दिवसाच्या उलाढालीतले किती टक्के शेअर त्याच दिवशी परत न फिरता खरंच दुसऱ्याच्या खात्यात गेले.
- कंपनीचा तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्न. तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत तो जाहीर करावा लागतो.
- एक वही. मी अजूनही हाताने लिहितो, कारण सपोर्टला झालेल्या प्रत्येक भेटीचं व्हॉल्यूम एकाखाली एक लिहिलं की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

२. रेंज एवढी लांब का चालते, हे आधी समजून घ्या

रेंजमध्ये माल गोळा होतोय की वाटला जातोय, हे भाव आणि व्हॉल्यूमवरून ओळखायची पद्धत अमेरिकेतल्या रिचर्ड वायकॉफ यांनी मांडली. त्यांचा काळ १८७३ ते १९३४. त्यांची मुख्य कल्पना अशी, की बाजारातले सगळे मोठे खेळाडू मिळून जणू एकच माणूस आहे असं समजा आणि तो काय करतोय ते चार्टवरून वाचा. प्रत्यक्षात असा एक माणूस नसतो. पण ही कल्पना उपयोगी पडते, कारण मोठ्या खरेदीची एक अडचण सगळ्यांना सारखीच असते.

ती अडचण गणिताने बघा. एका फंडाला एखाद्या कंपनीचे ५० लाख शेअर हवे आहेत आणि त्या शेअरची रोजची उलाढाल साधारण ५ लाख आहे. भाव वर न ढकलता घ्यायचं तर रोजच्या उलाढालीच्या दहाएक टक्के, म्हणजे ५० हजार शेअरच उचलता येतील. मग शंभर दिवस लागले, म्हणजे जवळजवळ पाच महिने. घाई केली तर स्वतःच्याच खरेदीने भाव चढतो आणि उरलेला माल महाग पडतो. म्हणून भाव खाली आला की उचलायचं, वर गेला की हात आखडायचा. बाहेरून पाहणाऱ्याला तो शेअर महिनोन्महिने एकाच खोलीत येरझाऱ्या घालताना दिसतो.

वाटपाच्या वेळी हेच उलट घडतं. तेजीनंतर मोठ्या मालकाला माल काढायचा असतो आणि तोही एका दिवसात निघत नाही. म्हणून वरच्या पातळीवरही तशीच रेंज तयार होते. खरी गोम इथे आहे: रेंजच्या मधोमध उभं राहून पाहिलं तर दोन्ही रेंज सारख्याच दिसतात. फरक कडांवर कळतो.

३. रेंजची सुरुवात शोधा आणि दोन रेघा मारा

माझ्या उदाहरणातला शेअर आठ महिन्यांत ३९५ वरून घसरत २१० च्या आसपास आला होता. घसरणीत रोजचं व्हॉल्यूम सरासरी ९ लाख होतं. मग एका दिवशी ४८ लाख शेअर्सची उलाढाल झाली. त्या दिवशीचा नीचांक २०६, पण बंद २१९ ला. घाबरलेल्यांनी जे मिळेल त्या भावाला विकलं आणि ते सगळं कोणीतरी घेतलं. नाहीतर बंद भाव नीचांकापासून इतका वर येऊच शकला नसता. याला विक्रीचा कळस म्हणतात.

त्यानंतर तीन आठवड्यांत भाव आपोआप २५८ पर्यंत उसळला. विक्रेते थकले होते आणि घसरणीवर पैसे लावणारे आपले सौदे परत घेत होते. कळसाचा नीचांक आणि या उसळीचा उच्चांक, या तुमच्या दोन रेघा. आमच्याकडे खाली २०६ ते २११ चा पट्टा आणि वर २५८.

नवखे लोक खालची रेघ एकाच आकड्यावर मारतात आणि मग तो आकडा दहा पैशांनी तुटला तरी गडबडतात. सपोर्ट हा पट्टा असतो. त्याला चार-पाच रुपयांची जाडी द्या.

४. सपोर्टला झालेल्या प्रत्येक भेटीचं व्हॉल्यूम वहीत लिहा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळं याच्यावरच उभं आहे. माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या. कळसाच्या दिवशी २०६, व्हॉल्यूम ४८ लाख. दुसऱ्या महिन्यात भाव २११ ला आला, १७ लाख. पाचव्या महिन्यात २०९, ११ लाख. आठव्या महिन्यात २१०, फक्त ७ लाख.

भाव त्याच जागी परत परत येतोय, पण तिथे विकायला येणारा माल दर वेळी कमी होतोय. ज्यांना विकायचं होतं त्यांचं विकून झालं, असा त्याचा अर्थ. हे आकडे उलटे असते, म्हणजे सपोर्टला प्रत्येक भेटीत व्हॉल्यूम वाढत गेलं असतं, तर मी त्या शेअरच्या वाटेला गेलो नसतो.

डिलिव्हरीच्या टक्केवारीबद्दल इथेच सांगतो, कारण तिच्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज होतात. डिलिव्हरी वाढली म्हणजे कोणीतरी माल गोळा करतंय, असं सर्रास सांगितलं जातं. पण डिलिव्हरीने गेलेल्या प्रत्येक शेअरला एक विकणाराही असतो. वाटपाच्या वेळीही डिलिव्हरी वाढते. हात बदलतायत एवढंच तो आकडा सांगतो. कोणाकडून कोणाकडे, हे तो सांगत नाही. त्यासाठी शेअरहोल्डिंग पॅटर्न बघावा लागतो. आमच्या शेअरमध्ये रेंजच्या काळात २ लाख रुपयांपर्यंतचं भागभांडवल धरणाऱ्या छोट्या भागधारकांचा वाटा ३१ टक्क्यांवरून २६ वर आला होता आणि म्युच्युअल फंडांचा ४ वरून ८ वर गेला होता. ही माहिती उशिरा येते, म्हणून तिच्यावर प्रवेश ठरवू नका. पण वहीतल्या व्हॉल्यूमशी ती जुळते का, एवढं जरूर पाहा.

५. सपोर्ट तुटला की त्या दिवशी काहीच करू नका

आता त्या गुरुवारकडे येऊ. रेंजचा अकरावा महिना. मी सहाव्या महिन्यात रेंजच्या मधोमध २२४ ला ३०० शेअर घेतले होते आणि स्टॉप लॉस २०४ ला लावला होता, म्हणजे सपोर्टच्या जरा खाली. पुस्तकी नियमाप्रमाणे अगदी बरोबर. अडचण एवढीच, की माझ्यासारख्या प्रत्येकाने तो तिथेच लावला होता.

सपोर्टच्या खाली असे विक्रीचे हुकूम साचत जातात. भाव २०६ च्या खाली गेला की ते एकापाठोपाठ एक सुटतात आणि एरवी कित्येक दिवसांत मिळणारा माल काही तासांत समोर येतो. ज्याला अजून घ्यायचं आहे त्याच्यासाठी ही शेवटची स्वस्त संधी असते. शिवाय खाली विकायला अजून किती माल उरलाय, हेही त्याला कळतं. त्या दिवशी २०१ चा नीचांक, २०५ ला बंद, व्हॉल्यूम १३ लाख. दुसऱ्या दिवशी ९ लाखांच्या व्हॉल्यूमने २१३ ला बंद. भाव खाली दाबला गेला आणि उसळून रेंजमध्ये परत आला, म्हणून याला स्प्रिंग म्हणतात.

कोणीतरी मुद्दाम भाव पाडला, असं मात्र मी म्हणणार नाही. ते चार्टवरून सिद्ध होत नाही, आणि बाजारात एखादी वाईट बातमी आली तरी हेच घडतं. तुम्हाला हेतू शोधायचा नाही. भाव तुटल्यावर विक्री वाढली की आटली, एवढंच पाहायचं आहे.

खरी घसरण आणि स्प्रिंग यांत फरक करायला मी दोन गोष्टी बघतो. पहिली, भाव किती दिवसांत रेंजमध्ये परत येतो. एक ते तीन दिवसांत आला तर विचार करण्याजोगं आहे. आठवडा झाला आणि भाव अजून रेघेच्या खालीच बंद होतोय, तर ती स्प्रिंग नव्हे. दुसरी, तुटण्याच्या दिवशीचं व्हॉल्यूम आणि त्याचा परिणाम. आमच्याकडे १३ लाख शेअर विकले जाऊनही भाव सपोर्टच्या पट्ट्याखाली फक्त पाच रुपये गेला. एवढा माल येऊन भाव फार हलत नाही, तेव्हा खाली कोणीतरी झेलतंय. कळसाइतकं प्रचंड व्हॉल्यूम आलं असतं आणि भाव दिवसाच्या नीचांकाला बंद झाला असता, तर गोष्ट वेगळी होती.

६. टेस्टची वाट बघा, खरेदी तिथे

माझा माल गेल्यावर मला घाईने परत घ्यायचं होतं. काकांनी थांबवलं. म्हणाले, "उडी मारलेला माणूस एकदा मागे वळून बघतो. तो बघेपर्यंत थांब."

स्प्रिंगनंतर भाव २२१ पर्यंत गेला आणि पुन्हा खाली यायला लागला. आठव्या सत्रात तो २०७.५० पर्यंत उतरला, २१० ला बंद झाला. त्या दिवशीचं व्हॉल्यूम २ लाख ६० हजार होतं, म्हणजे त्या वेळच्या ५ लाखांच्या सरासरीच्या जेमतेम निम्मं. याला टेस्ट म्हणतात. भाव परत त्या भीतीच्या जागी आला, तिथे कोणी विकायलाच उरलं नव्हतं, आणि नीचांकही स्प्रिंगच्या २०१ च्या वर राहिला. या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

टेस्टच्या दिवसाचा उच्चांक २१२ होता. दुसऱ्या दिवशी भाव त्याच्यावर गेला तेव्हा मी २१३ ला खरेदी केली. स्टॉप लॉस १९९, म्हणजे स्प्रिंगच्या नीचांकाच्या दोन रुपये खाली. एका शेअरमागे धोका १४ रुपये. एका सौद्यात मी ६,००० रुपयांपेक्षा जास्त गमवायचं नाही असं ठरवलेलं आहे. ६,००० भागिले १४ म्हणजे ४२८, म्हणून ४२५ शेअर घेतले. रक्कम झाली ९०,५२५ रुपये. किती शेअर घ्यायचे हे खात्यात किती पैसे आहेत त्यावरून ठरवायचं नाही, स्टॉप लॉसच्या अंतरावरून ठरवायचं.

काही वेळा टेस्ट येतच नाही, भाव सरळ वर जातो. तो सौदा सोडून द्यावा लागतो. मला तो त्रास परवडतो, कारण टेस्टची वाट न पाहता घेतलेल्या एका दुसऱ्या शेअरने मला शिकवलं. तिथे सपोर्ट ५४० चा होता. भाव ५२२ पर्यंत जाऊन परत आला आणि मी लगेच ५४५ ला घेतला. तीन दिवसांनी तो पुन्हा खाली आला, पण या वेळी व्हॉल्यूम तुटण्याच्या दिवसापेक्षाही जास्त होतं आणि बंद नीचांकाजवळ. ती नापास झालेली टेस्ट होती. वही उघडली तर त्या शेअरच्या सपोर्टच्या भेटींमध्ये व्हॉल्यूम प्रत्येक वेळी वाढत गेलं होतं. मी ते पाहिलंच नव्हतं.

७. स्टॉप लॉस लावताना होणारी चूक

डिलिव्हरीच्या शेअरवर लावलेला साधा स्टॉप लॉस त्या दिवसापुरताच असतो, संध्याकाळी रद्द होतो. अनेक नवखे लोक सोमवारी लावतात आणि तो अजून आहे असं समजून शुक्रवारपर्यंत निश्चिंत राहतात. जास्त दिवस राहणारा हुकूम हवा असेल तर ब्रोकरकडचा जीटीटी वापरा. पण विक्रीचा जीटीटी लागला तेव्हा शेअर खात्यातून काढायची परवानगी तयार हवी. विकलेले शेअर डिमॅटमधून काढायची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी म्हणजे डीडीपीआय. तो दिलेला नसेल आणि त्या दिवशी टीपिन हा मंजुरीचा गुप्त क्रमांक टाकून मंजुरीही दिली नसेल, तर हुकूम नाकारला जाऊ शकतो. डीडीपीआयचा अर्ज एकदाच करायचा असतो, तो आधीच करून ठेवा.

८. खोट्या स्प्रिंगा

चार्टवर स्प्रिंगसारखं दिसतं, पण ती नसते, असे काही ठराविक प्रसंग आहेत.

मोठा लाभांश असेल तर एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्याने घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढ्याने खाली उघडतो आणि सपोर्ट तुटल्यासारखा दिसतो. कंपनीचं विभाजन होऊन एक व्यवसाय वेगळा झाला असेल तरी तेच. काही चार्टवर जुने भाव त्याप्रमाणे दुरुस्त केलेले नसतात. रेघ तुटलेली दिसली की आधी कंपनीने एक्स्चेंजला दिलेल्या घोषणा बघा.

व्हॉल्यूमही फसवतं. ब्लॉक डीलच्या, म्हणजे मोठ्या एकगठ्ठा सौद्याच्या दिवशी किंवा निर्देशांकात फेरबदल होतात त्या दिवशी आकडा अचानक फुगतो, त्याचा गोळा करण्याशी किंवा वाटपाशी संबंध असेलच असं नाही. उलट दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांचं सत्र तासाभराचं असतं, त्या दिवशीचं कमी व्हॉल्यूम टेस्ट म्हणून धरू नका.

आणि ५ टक्क्यांच्या सर्किटमध्ये, म्हणजे एक्स्चेंजने घातलेल्या दिवसाच्या चढ-उताराच्या मर्यादेत अडकणारे छोटे शेअर या पद्धतीसाठी घेऊच नका. तिथे भाव बंद दारामागे थांबतो, त्यामुळे कळसही दिसत नाही आणि टेस्टही. एखादा शेअर एक्स्चेंजच्या वाढीव देखरेखीच्या यादीत असेल तर त्याचं व्हॉल्यूम नियमांमुळेच आटलेलं असू शकतं.

९. खरेदी बरोबर ठरली हे कधी कळतं

चार आठवड्यांनी शेअर २५८ ची वरची रेघ ओलांडून २६४ ला बंद झाला, व्हॉल्यूम २२ लाख. त्यानंतर तो २५६ पर्यंत परत आला, पण उतरताना व्हॉल्यूम रोज कमी होत गेलं. वर जाताना जोर आणि खाली येताना शुकशुकाट, हे हवं असतं. ज्याला स्प्रिंगजवळ घ्यायची भीती वाटते त्याने इथे घ्यावं. धोका शेअरमागे जास्त पडतो, पण शंका कमी उरते. नवख्याला मी हीच जागा सुचवतो.

१०. त्याच शेअरमध्ये वाटप कसं दिसलं

वर गेल्यावर हा शेअर ३१८ ते ३५२ मध्ये चार महिने अडकला. पुन्हा रेंज, पुन्हा दोन रेघा. आता मी वही उलटी वाचत होतो: रेझिस्टन्सला झालेल्या प्रत्येक भेटीत काय होतं?

एका दिवशी तो ३५२ तोडून ३६१ वर गेला, टीव्हीवर नवा उच्चांक म्हणून चर्चा झाली, आणि बंद झाला ३४४ ला. व्हॉल्यूम २६ लाख. एवढी खरेदी होऊनही भाव रेंजमध्ये परत पडला, म्हणजे वर उभा राहून कोणीतरी घेणाऱ्यांना माल देत होतं. हा स्प्रिंगचा आरसा आहे, याला अपथ्रस्ट म्हणतात. इथेही मी लगेच विकलं नाही. भाव ३२० पर्यंत घसरला, मग ३४१ पर्यंत वर आला, पण त्या चढावाला व्हॉल्यूम ४ लाखांच्या पुढे गेलंच नाही. घेणारे संपले होते. भाव वळला तेव्हा मी ३३३ ला सगळे ४२५ शेअर काढले. शेअरमागे १२० रुपये, कर आणि खर्च धरण्याआधी ५१,००० रुपये.

इथे एक मर्यादा आहे. रोखीच्या बाजारात आपल्याला हातात नसलेला शेअर आधी विकून एका दिवसापेक्षा जास्त काळ शॉर्ट राहता येत नाही. म्हणून वाटप ओळखता आलं तरी आपल्यासारख्यांसाठी त्याचा उपयोग बाहेर पडण्यापुरताच. मला वाटतं तेवढा उपयोग पुरेसा आहे. घसरणीतून कमवायचं म्हणून फ्युचर-ऑप्शनकडे वळू नका. सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ या वर्षात तिथले ८९ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते.

काकांना मी शेवटचा चार्ट दाखवला तेव्हा त्यांनी पुन्हा खालच्या रेघांवरच बोट ठेवलं. ३६१ च्या दिवसाची उंच रेघ दाखवून म्हणाले, "रिंगणात असतो तर इथे सगळ्यात जोरात ओरडणारा विकत असता." तेव्हापासून मी वहीत आणखी एक रकाना आखलाय: त्या दिवशी बातम्यांत काय चाललं होतं. सपोर्टच्या भेटीला वाईट बातमी आणि कमी व्हॉल्यूम, रेझिस्टन्सच्या भेटीला चांगली बातमी आणि जास्त व्हॉल्यूम, अशा जोड्या दिसल्या की मी त्यांच्याभोवती लाल गोल काढतो.